मुलाच्या तासांपासून मागे मोजलेले आवाहन

छोट्या संस्थांची स्वयंसेवकांसाठीची आवाहने बहुतेक एकाच साच्यातली असतात. समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ असणाऱ्यांनी संपर्क साधावा, आपल्या सवडीनुसार वेळ द्यावा, कुठल्याही अनुभवाची गरज नाही. असे आवाहन वाचून माणसे येतात, हे नाकारता येणार नाही. पहिल्या रविवारी कधी कधी खुर्च्या कमी पडतात. तिसऱ्या आठवड्यात मात्र खुर्च्या उरतात. मग संस्थेचे लोक म्हणतात, हल्ली कुणाला वेळ नाही, आणि गेलेले लोक म्हणतात, तिथे नेमके काय करायचे ते कळलेच नाही. दोघांचेही बरोबर असते. चूक आवाहनाच्या आरंभबिंदूत असते. ते देणाऱ्याच्या सवडीपासून सुरू होते, घेणाऱ्याच्या गरजेपासून नाही. ज्याच्यासाठी काम करायचे त्याला किती तास लागतात हे आधी ठरवावे, तिथून मागे मोजत किती माणसे, कोणत्या दिवशी, किती वेळ लागतील ते काढावे आणि तो हिशेबच आवाहन म्हणून लोकांपुढे ठेवावा, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. त्यासाठी एकच काम घेऊ: तिसरी ते पाचवीच्या, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांना वाचायला शिकवणे. आणि एकच जागा घेऊ: तळोजा.

तळोजा निवडण्याचे कारण असे की ते एक गाव नाही. तळोजा पाचनंद, तळोजा मजकूर ही जुनी गावे, एमआयडीसीचे कारखाने, सिडकोने आखलेले फेज वन आणि फेज टू, आणि त्यांच्या कडेने कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, असे ते पसरलेले आहे. 2016 मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, 17 नोव्हेंबर 2023 रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि बाहेरून येणाऱ्याला तळोजा थोडे जवळ आले. इथल्या एकाच गल्लीत घरी आगरी बोलणारे मूल, भोजपुरी बोलणारे मूल आणि मराठवाड्यातून आलेले मूल राहू शकते, आणि तिघांच्या शाळेचे माध्यम वेगवेगळे असू शकते. घरातली मोठी माणसे पाळीने कामाला जातात. अशा ठिकाणी ‘सवडीनुसार या’ हे वाक्य सर्वांत लवकर फसते, कारण कुणाचीच सवड दुसऱ्याच्या सवडीशी जुळत नाही.

या कामाबद्दल आपल्याकडे ऐकीव गोष्टी नाहीत, मोजलेला पुरावा आहे. 1995 मध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेबरोबर अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या पंचवीस वर्षांत अनेक चाचण्या केल्या. त्यांतली आपल्या विषयाला सर्वांत जवळची चाचणी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 2005-06 च्या सुमारास झाली. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांचे गट पाडले. एका गटात गावकऱ्यांना शाळेची व्यवस्था, ग्रामशिक्षण समिती आणि तिचे अधिकार यांची माहिती दिली. दुसऱ्या गटात त्या माहितीबरोबरच, मुलाला वाचता येते का हे तपासण्याचे साधे साधन गावकऱ्यांच्या हाती दिले. तिसऱ्या गटात हे सगळे झालेच, शिवाय गावातल्या इच्छुक तरुणांना चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालवायला सांगितले. पहिल्या दोन गटांत मुलांच्या वाचनात काही फरक पडला नाही. जागृती झाली असेल, पण वाचन आले नाही. तिसऱ्या गटात मात्र 65 पैकी 55 गावांत कुणी ना कुणी पुढे आले, सुमारे चारशे स्वयंसेवक उभे राहिले, त्यांनी रोज साधारण दोन तास, दोन-तीन महिने वर्ग चालवले, आणि जी मुले वर्गाला आली त्यांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. या स्वयंसेवकांना पगार नव्हता. काम नेमके होते, मुदत ठरलेली होती आणि शिकवायचे कसे ते कुणीतरी आधी शिकवले होते.

याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो, आणि आवाहन लिहिणाऱ्यासाठी तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. त्या गावांतल्या एकूण मुलांपैकी जेमतेम 8 टक्के मुले या वर्गांना आली. शिकवणारे मिळाले, शिकवण्याची पद्धत चालली, आणि तरीही बहुतेक गरजू मुले घरीच राहिली. म्हणजे अडथळा फळ्यापाशी नव्हता, दारापाशी होता. असे असूनही छोट्या संस्थांची आवाहने ‘शिकवायला या’ एवढेच म्हणतात, आणि मुलाला घरून वर्गापर्यंत आणण्याचे काम कुणाच्याच नावावर नसते. ते संस्थेच्या एकुलत्या एका कार्यकर्तीच्या डोक्यावर पडते आणि तिच्याबरोबरच संपते.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल की ‘प्रथम’चे सर्वांत गाजलेले यश पगारी माणसांचे होते. हे खरे आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 या काळात तपासलेल्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली नेमल्या जात, त्यांना महिना 500 ते 750 रुपये मिळत, आणि त्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच रोज दोन तास शिकवत. त्याने गुण वाढले, आणि ते सर्वांत मागे असलेल्या मुलांचे जास्त वाढले. पगार मिळत असल्यामुळे त्या रोज येऊ शकत होत्या. बिनपगारी माणूस रोज येणार नाही हे मान्य करूनच पुढे जावे लागते. पण या पुराव्यातून ‘स्वयंसेवक नकोत’ असा निष्कर्ष निघत नाही. मुलासाठी वर्ग नियमित हवा एवढेच त्यातून निघते. रोज एकच माणूस हवा असे नाही. त्या गटाला ठरलेल्या वारी ठरलेले माणूस हवे. एका बालसखीचे काम दोघांत वाटता येते, मात्र वाटप आधी कागदावर झालेले असले पाहिजे. संस्थेकडे एखादा पगार देण्याइतके पैसे असतील तर तो शिकवणाऱ्याला न देता या वाटपाचा सांभाळ करणाऱ्या समन्वयकाला द्यावा, असे माझे मत आहे. शिकवणारा एका गटापुरता असतो, समन्वयकावर सगळे गट उभे असतात.

आता हिशेब. समजा तळोज्यातल्या एका संस्थेला एका शाळेच्या आसपासची 45 मुले घ्यायची आहेत. आधी त्यांची इयत्ता विसरावी लागते. ‘असर’ या सर्वेक्षणात 2005 पासून वापरली जाणारी वाचनचाचणी इथे पुरेशी आहे: अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला एकट्याला बसवून आधी परिच्छेद द्यायचा. तो वाक्यासारखा, सलग वाचला तर गोष्ट द्यायची; अडखळला तर शब्दांकडे यायचे. पाचांपैकी चार शब्द जमले तर मूल शब्दाच्या पातळीवर, नाहीतर अक्षरांची परीक्षा. त्यातही पाचांपैकी चार. अशा चाचणीतून पाचवीतले मूल अक्षरांच्या गटात आणि तिसरीतले परिच्छेदाच्या गटात जाऊ शकते. स्वयंसेवकाला याचा धक्का बसतो, मुलाला सहसा बसत नाही. आपल्या 45 मुलांचे सोयीसाठी पंधरा-पंधराचे तीन गट धरू. ‘प्रथम’च्या पुढच्या काळातल्या शिबिरांत साधारण पन्नास दिवसांच्या अध्यापनात मोठा फरक दिसला होता, म्हणून पन्नास दिवस हे लक्ष्य धरू, रोज दीड तास. आठवड्यातून चार दिवस वर्ग घेतला तर पन्नास दिवसांना तेरा आठवडे लागतात आणि मुलाला एकूण 75 तास मिळतात. तीन गट गुणिले चार दिवस म्हणजे आठवड्याला बारा पाळ्या भरायच्या. प्रत्येकाने दोन दिवस दिले तर कागदावर सहा माणसे पुरतात.

कागदावर पुरलेली माणसे प्रत्यक्षात कधी पुरत नाहीत. आजारपण, पाहुणे, कारखान्यातला जादा वेळ हे सगळे धरून पाच पाळ्यांतली एक हुकणार असे मानले, तर सहांऐवजी आठ माणसे लागतात. सुरुवात करणाऱ्यांपैकी एक तृतीयांश पहिल्या महिन्यात गळतील असे धरले, तर आठ टिकण्यासाठी बाराजणांना प्रशिक्षण द्यावे लागते. हे दोन्ही आकडे गृहीत धरलेले आहेत. संस्थेने पहिल्या सत्रात आपली नोंद ठेवावी आणि दुसऱ्या सत्रात स्वतःचे आकडे वापरावेत. महत्त्व आकड्याला नाही, गळती आधीच हिशेबात घेण्याला आहे. सहाजणांचे आवाहन करणारी संस्था दुसऱ्या महिन्यात दोन गट एकत्र करते, अक्षरवाले मूल परिच्छेदवाल्यांच्या शेजारी बसते, आणि शाळेत जे घडत होते तेच इथे घडू लागते.

एका स्वयंसेवकाच्या बाजूने पाहिले तर त्याचा आठवडा असा दिसतो. दीड तासाच्या वर्गाच्या आधी-मागे चटया, बाराखडीचे तक्ते, हजेरी आणि मुलांना रस्त्याच्या पलीकडे सोडणे यात अर्धा तास जातो. म्हणजे एका दिवसाचे दोन तास, दोन दिवसांचे चार, आणि आपल्या गटाच्या जोडीदाराशी पुढच्या आठवड्याचे बोलण्यासाठी अर्धा तास. आठवड्याला साडेचार तास, प्रवास वेगळा. त्याआधी दोन शनिवार-रविवार मिळून चार दिवसांचे प्रशिक्षण, वीस तासांचे. तेरा आठवड्यांची बेरीज साधारण ऐंशी तासांच्या आत राहते. हे फार आहे का? महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून विद्यार्थ्याकडून वर्षाला 120 तास मागते. त्या मानाने ही मागणी माफक आहे. पण ती स्पष्ट आहे, आणि लोकांना टोचतो तो आकड्याचा स्पष्टपणा.

शिकवण्याइतकेच महत्त्वाचे, आणि जौनपूरच्या अनुभवावरून कदाचित अधिक महत्त्वाचे, काम गृहभेटीचे. हजेरीपत्रकात सलग तीन दिवस गैरहजर दिसलेल्या मुलाच्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी गेले पाहिजे. आठ घरे, प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि मधले चालणे धरून दोघांच्या जोडीला आठवड्याला तीन तास लागतात. अशा दोन जोड्या हव्यात. जोडीच हवी, आणि तीत शक्यतो एक बाई असावी, कारण दुपारी घरी बहुधा आईच भेटते. या भेटीत उपदेश करायचा नसतो. मूल का आले नाही हे विचारायचे, आणि त्याला काल कोणते शब्द वाचता आले ते आईला दाखवायचे. कारणे बहुतेक वेळा साधी निघतात: धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, पाण्याची वेळ वर्गाच्या वेळेवर येते, खोली बदललेली असते. पाण्याची वेळ आड येत असेल तर वर्ग अर्धा तास पुढे ढकलून पाच मुले परत मिळतात. हे केवळ शिकवणाऱ्याला कधीच कळले नसते. तिसरे काम चाचणी आणि नोंदींचे. 45 मुलांची चाचणी प्रत्येकी आठ-दहा मिनिटांची, म्हणजे सुमारे सात तास, आणि ती तीन वेळा: सुरुवातीला, पंचविसाव्या दिवसानंतर आणि शेवटी. हे काम दोघांचे. आपल्या गटाची चाचणी शिकवणाऱ्याने स्वतः घेऊ नये, कारण स्वतःच्या विद्यार्थ्याच्या अडखळण्याकडे काणाडोळा होतोच. सगळे मिळून अठरा माणसे. त्यांतल्या सहाजणांना शिकवण्याची हौस नसली तरी चालते, आणि हे आवाहनात मुद्दाम लिहिले पाहिजे. ‘मला शिकवता येत नाही’ म्हणून मागे राहणारे पुष्कळ असतात.

वेळ ठरवताना तळोज्याची घडी पाहावी लागते. दिवाळी आणि छठला अनेक कुटुंबे गावी जातात, मे महिन्यात तर वस्त्या निम्म्या होतात, आणि गणपतीच्या दिवसांत आगरी गावांत कुणाला दुसरे काही सुचत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचे तेरा आठवडे त्यातल्या त्यात सलग मिळतात. या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळच्या सत्रातल्या मुलांसाठी चार ते साडेपाच ही वेळ धरली तर ती उजेडात घरी पोचतात. या वेळेला कोण येऊ शकते? गृहिणी, निवृत्त माणसे, सकाळची महाविद्यालये करणारे विद्यार्थी. बारावीचे विद्यार्थी मोजू नयेत, कारण त्यांची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत येते. कारखान्यातला कामगार उत्साही असला तरी त्याची पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर चारच्या वर्गाला तो ठरलेल्या वारी येऊच शकत नाही. त्याला वर्गावर नेमून नंतर त्याच्या नावाने बोटे मोडणे अन्यायाचे आहे. सुटीच्या दिवशीच्या गृहभेटी आणि चाचण्या ही त्याची जागा. त्या दिवशी मुलांचे वडीलही घरी असतात, आणि सोबत काम करणाऱ्याच्या तोंडून आलेला शब्द ते वेगळ्या कानाने ऐकतात.

असा हिशेब झाला की आवाहन लिहिणे सोपे होते, कारण लिहायचे जवळजवळ सगळे ठरलेले असते. ते साधारण असे होईल: ‘तळोजा फेज वनमधील तिसरी ते पाचवीच्या 45 मुलांना तेरा आठवड्यांत वाचायला शिकवायचे आहे. त्यासाठी अठरा जण हवेत. बाराजणांनी आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, दुपारी पावणेचार ते पावणेसहा, वर्ग घ्यायचा. चौघांनी सुटीच्या दिवशी तीन तास जोडीने मुलांच्या घरी जायचे. यांना शिकवावे लागणार नाही. दोघांनी चाचण्या आणि नोंदी सांभाळायच्या. मराठी किंवा हिंदी न अडखळता वाचता यावे, एवढीच शिक्षणाची अट. चार दिवसांचे प्रशिक्षण सर्वांना आवश्यक. मानधन नाही; येण्याजाण्याचे भाडे मिळेल. नोंदणी शनिवारी दहा ते एक, शाळेच्या प्रांगणात. ओळखपत्र आणि आपल्या कामाच्या पाळीचे वेळापत्रक सोबत आणावे. तेरा आठवडे जमणार नसतील तर कृपया पुढच्या सत्रात या.’ यात एकही भारदस्त विशेषण नाही, आणि ते हवेही नाही. सोसायटीच्या फलकावर, बचत गटाच्या बैठकीत, पेंधर स्थानकाबाहेर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावर हे असेच्या असे चालते. भाड्याचे वाक्य मात्र संस्था ते खरोखर देणार असेल तरच ठेवावे.

आवाहनाच्या शेवटच्या वाक्यावर सर्वांत जास्त आक्षेप येतो. इतकी कडक अट घातली तर येणारेही पळतील, आधी येऊ द्या, मग गोडी लागेल, असे अनुभवी कार्यकर्तेही म्हणतात. काही जण पळतील, हे बरोबर आहे. पण त्यांच्या येण्याचा खर्च मोजून पाहावा. प्रशिक्षण वीस तासांचे आहे. प्रशिक्षण घेऊन दोन आठवड्यांत गेलेल्या माणसाने मुलांना चार वर्ग, म्हणजे सहा तास दिले. त्याला शिकवण्यात संस्थेचे वीस तास गेले, त्याच्या जागी दुसरा आणण्यात आणखी वीस जातील, आणि पंधरा मुलांच्या गटाला मधल्या काळात कुणी नसेल. झाडून सगळ्यांना बोलावण्यात औदार्य दिसते, त्याची किंमत मुले मोजतात. ज्यांना तेरा आठवडे देणे शक्य नाही त्यांच्यासाठी वेगळी, एका दिवसाची कामे ठेवता येतात: सुरुवातीच्या चाचणीचा दिवस, तक्ते रंगवणे, शेवटचे वाचनप्रदर्शन. त्यांना त्याच कामांसाठी बोलवावे, वर्गासाठी नाही.

नोंदणीची पायरी बहुतेक संस्था एका गूगल फॉर्मवर उरकतात. फॉर्म वाईट नाही, पण तो नोंदणीचा शेवट समजला जातो ही अडचण आहे. कागद एका पानाचा असावा: नाव, फोन, कोणती भाषा सहज वाचता येते, कोणते वार आणि वेळ नक्की मोकळे आहेत, तिन्ही कामांपैकी कोणते हवे, आणि ओळखीच्या दोन माणसांची नावे. याहून अधिक माहिती मागू नये. आधारच्या प्रती गोळा करून कपाटात ठेवण्याची सवय तर सोडूनच द्यावी. ओळखपत्र पाहिले आणि परत दिले तरी पुरते. त्यानंतर प्रत्यक्ष भेट, मग चालू वर्ग मागे बसून पाहणे, मग प्रशिक्षण आणि मग दोन आठवडे जोडीदाराबरोबर शिकवणे. या वाटेत कुठेही माणसाला ‘हे माझ्यासाठी नाही’ असे म्हणता आले पाहिजे, आणि तसे म्हटल्याबद्दल कुणी तोंड वाकडे करू नये.

मुलांबरोबर काम असल्यामुळे पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागणे आवश्यक आहे. तळोजा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, आणि हे प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून मिळवता येते. चांगल्या मनाने आलेल्या माणसाकडे पोलिसांचा कागद मागणे काहींना अपमानास्पद वाटते. पण ही अट अध्यक्षांपासून सर्वांना सारखी लावली की तिचा डंख जातो, आणि जो माणूस तरीही हटून बसतो त्याला सोडून देणेच बरे. मात्र प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षितता नव्हे. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झालेली नाही त्याचेही प्रमाणपत्र स्वच्छच येते. खरी सुरक्षितता वर्गाच्या मांडणीत असते: दार उघडे, एका वेळी किमान दोन मोठी माणसे, मुलाला एकट्याला घरी किंवा गाडीवर न नेणे, मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय न काढणे. आणि प्रशिक्षणात सर्वांना सांगितले पाहिजे की 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. आधी संस्थेच्या बैठकीत चर्चा करू, असे चालत नाही. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक भिंतीवर मुलांना दिसेल असा लिहावा. उलट बाजूने, स्वयंसेवकानेही संस्थेला तिचा न्यास नोंदणी क्रमांक विचारावा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते, आणि नोंदणी असलेल्या संस्थेला हा प्रश्न खटकू नये.

हे सारे करूनही काम बिघडते, आणि बिघाड ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. सर्वांत सामान्य खूण म्हणजे वर्गात शाळेच्या वह्या दिसू लागणे. पालक म्हणतात गृहपाठ करून घ्या, स्वयंसेवकाला नाही म्हणवत नाही, आणि दहा दिवसांत वाचनवर्गाची फुकटची शिकवणी होते. मुले फळ्यावरचे सुबक उतरवतात आणि उतरवलेले वाचू शकत नाहीत. दुसरी खूण सामूहिक घोकणे: पंधरा मुले बाराखडी एका सुरात म्हणतात, आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जातो, आणि तक्त्यावरचे मधलेच अक्षर एकाला विचारले की तो शेजाऱ्याकडे पाहतो. तिसरी खूण हजेरीपत्रकात दिसते: एकूण हजेरी ठीक, पण रोज येणारी तीच, आणि न येणारी अक्षरगटातली. हे सगळे पंचविसाव्या दिवसाच्या चाचणीत उघडे पडते. अक्षरगटातल्या पंधरांपैकी एकही मूल शब्दांपर्यंत गेले नसेल तर दोष मुलांत शोधू नये; पुढचा आठवडा त्या गटासोबत समन्वयकाने स्वतः बसावे. आणि जी मुले वर गेली त्यांना त्याच दिवशी पुढच्या गटात हलवावे. आपला लाडका विद्यार्थी सोडायला शिकवणारे कुरकुर करतात, त्याची तयारी प्रशिक्षणातच करून घ्यावी.

एक हरकत राहते, आणि ती सर्वांत वजनदार आहे. वाचायला शिकवणे शाळेचे काम आहे. 2009 च्या कायद्याने शिक्षण हा मुलाचा हक्क केला, 2021 मध्ये केंद्राने ‘निपुण भारत’खाली पायाभूत वाचनाचे लक्ष्य ठेवले, मग फुकटच्या माणसांनी ते काम केले तर शासनावरचा दबाव कमी होणार नाही का? हा धोका खरा आहे. म्हणूनच स्वयंसेवकांचा वर्ग शाळेच्या वेळेबाहेर राहावा, त्याने रिकाम्या शिक्षकपदाची जागा घेऊ नये, आणि चाचणीचे निकाल मुख्याध्यापकांना लेखी द्यावेत. पण दबावाच्या मार्गाचाही पुरावा आपण पाहिला आहे. जौनपूरच्या पहिल्या दोन गटांत गावकऱ्यांना त्यांचे अधिकार सांगितले गेले, दुसऱ्या गटात शाळेतली मुले वाचू शकत नाहीत हेही दाखवले गेले, आणि तेवढ्याने शाळा हलली नाही. आज चौथीत असलेल्या मुलाला, शासनाला जाग येईपर्यंत थांब, असे सांगणाऱ्याने त्या मुलाचे वयही धरावे.

तेरा आठवडे संपल्यावरची गोष्ट आवाहनात लिहिली जात नाही, पण ती ठरलेली असली पाहिजे. बालसखीचा परिणाम कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराच ओसरला होता. आपल्या राज्यात साठच्या दशकाच्या सुमारास साताऱ्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत विनामोबदला शिकवणाऱ्यांनी गावेच्या गावे साक्षर केली, समारंभ झाले, आणि पाठपुरावा कच्चा राहिल्याने पुष्कळांची अक्षरे पुन्हा पुसली गेली. वाचायला लागलेल्या मुलाच्या हाती वाचायला काही नसेल तर हेच होते. म्हणून शेवटच्या चाचणीनंतर दोन कामे उरतात. एक, गोष्टीची पुस्तके असलेली पेटी त्याच वस्तीत एका घरी ठेवायची आणि गृहभेटीच्या जोडीने महिन्यातून दोनदा ती उघडायची. यासाठी चौघांकडून आणखी तीन महिन्यांचा होकार फेब्रुवारीतच घ्यायचा. दुसरे, टिकलेल्या आणि गळलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाला फोन करून किती आठवडे आलात आणि का थांबलात हे विचारून वहीत लिहायचे. जूनच्या आवाहनात बाराच्या जागी दहा लिहायचे की पंधरा, ते या वहीवरून ठरते.